बोअरवरच्या पंपाची खटखट

मोरिवलीच्या अंगाला असलेल्या आमच्या कारखान्यात खोल बोअरवर एक टर्बाइन पंप होता. मोटर जमिनीवर उभी आणि पोकळ दांड्याची. पंपाचा लांबलचक शाफ्ट खालून येऊन तिच्या पोटातून वर निघे आणि माथ्यावर नटाने अडकवलेला असे. त्या शाफ्टचं, त्याला खाली लटकलेल्या इंपेलरांचं, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकांचं, आणि पाण्याच्या खालच्या दिशेच्या ओढीचं सगळं ओझं माथ्यावरच्या एका थ्रस्ट बेअरिंगवर. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत मी मेन्टेनन्सचा इंजिनीअर होतो, आणि त्या बेअरिंगची मला घरच्या म्हाताऱ्या माणसासारखी काळजी वाटायची.

बेअरिंगच्या वरच रॅचेट होतं. पंप थांबला की पाइपात चढलेलं पाणी परत खाली धावतं आणि जाता जाता इंपेलर उलटे फिरवू पाहतं. तसं होऊ नये म्हणून फिरत्या चकतीत काही पिना सैल बसवलेल्या असतात. वेगात असताना त्या वर फेकल्या जाऊन तिथेच राहतात. वेग उतरला की आपल्या वजनाने खाली पडतात, खालच्या न फिरणाऱ्या दातांवरून खटखटतात आणि शाफ्टला उलटं जाऊ देत नाहीत. लाइट गेली की ही खटखट पार ऑफिसपर्यंत ऐकू यायची.

आमचा फिटर आणि पंपाचा ऑपरेटर साडू होते. दोघंही बदलापूरला, बेलवलीत एकाच चाळीत राहायचे. डबाही एकत्र खायचे आणि एकमेकांच्या भाजीला नावं ठेवायचे. फिटर हाताचा इतका चांगला, की त्याच्या कामावर मी क्वचितच नजर टाकायचो. मात्र त्याचा एक जुना नेम होता: आवाज आला की ग्रीस. शंभरातल्या नव्वद जागी हा नेम बरोबरच ठरतो.

एका संध्याकाळी लाइट गेली, थोड्याच वेळात आली, ऑपरेटरने बटण दाबलं आणि पंपातून धाडकन आवाज आला. मोटर फिरत होती, पाण्याचा मात्र थेंब नाही. मॅनेजर म्हणाले, बेअरिंग गेलं, आणि ते ऑपरेटरच्या उतावळेपणामुळे. उलट्या फिरणाऱ्या पंपाला सुरू केलं की झटका बसणारच, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी नोटीस तयार झाली. ऑपरेटरची नोकरी जाणार हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण त्याला कॅन्टीनमध्ये चहा विचारायला कुणी पुढे येईना.

मी त्याला खोदून खोदून विचारलं. नेहमी पाणी उतरेपर्यंत थांबतोस, मग काल काय झालं? तो म्हणाला, रॅचेटने शाफ्ट अडलेलाच असतो ना, म्हणून थांबलो नाही. खटखट ऐकली होतीस का? शेजारच्या कारखान्याचा जनरेटर धडधडत होता, एवढंच तो पुटपुटला. मला त्याचा संताप आला. स्वतःच्या पोटावर पाय येत असताना हा माणूस तोंड का उघडत नाही?

मग आम्ही मोटरचं वरचं झाकण काढलं. बेअरिंगचं तेल स्वच्छ होतं. मी मोटरचा दांडा हाताने फिरवला तर अगदी हलका फिरला. बेअरिंग शाबूत होतं, त्याच्यावरचं ओझंच नाहीसं झालं होतं. शाफ्ट खाली कुठेतरी तुटला होता. एरवी मी तिथेच थांबलो असतो, पण सहज म्हणून दांडा उलटा फिरवून पाहिला. आणि तो फिरला. जो उलटा कधीच फिरायला नको होता, तो विनातक्रार फिरला. मी पिनांकडे पाहिलं. साऱ्या पिना घट्ट पिवळ्या ग्रीसमध्ये वरच्या वर अडकून बसल्या होत्या. म्हणजे लाइट गेल्यावर पंप उलटा फिरत राहिला, आणि तशात बटण दाबल्यावर शाफ्ट तुटला.

मॅनेजर माझ्या खांद्यावरून बघत होते. ऑपरेटर पायरीवर मान खाली घालून बसला होता, आणि मला तेव्हा त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. मी फिटरकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर मीच त्याचं नाव घेतल्यासारखं झालं असतं.

फिटर पुढे आला. त्याने एक पिन उचलली, रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि तिच्या भोकात सोडली. टक्. दुसरी पुसली, सोडली. टक्.

"दर वेळी कोरडं खडखडतंय असं वाटायचं, साहेब," तो मॅनेजरना म्हणाला. "ग्रीस मी भरलं. यालाही मीच सांगितलं, आता आवाज येणार नाही, काळजी करू नको. तो माझ्या भरवशावर राहिला. नोटीस माझ्या नावाची काढा."

ऑपरेटर पायरीवरून उठला आणि चिडून म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं का?"

नोटीस कुणाच्याच नावाने निघाली नाही. मॅनेजरनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि शाफ्टसाठी माणसं कधी येतील ते मला विचारलं. दुपारी दोघं साडू एकाच डब्यातून जेवले, पण त्या दिवशी भाजीला कुणी नावं ठेवली नाहीत.

पंप पुन्हा बसला. पहिल्यांदा बंद केला तेव्हा आम्ही सगळे खोलीत कान देऊन उभे होतो. वेग उतरला आणि पिना खटखटल्या. फिटर भिंतीकडे तोंड करून उभा होता. ऑपरेटर त्याच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ऐक. आता येतोय आवाज."