हुशार आहे, कुठेही शिकेल

मी जळकुकडी आहे. हे माझं मत नाही, माझ्या आईचं. पाहुण्यांसमोरसुद्धा ती खुशाल सांगायची, "हिला कुणाचं काही बघवत नाही हो." तेव्हा मी पाय आपटत बाहेर जायचे. आता चाळिशीला टेकले, दोन पोरांची आई झाले, तरी आईचं म्हणणं खोटं ठरवायची संधी काही मला मिळाली नाही.

पहिली जळले ती एका तांब्यावर. आम्ही कल्याणजवळच्या मोहने गावात राहायचो, तिथल्या सरकारी शाळेत बाईंच्या टेबलावर पितळी तांब्या असायचा. मधल्या सुट्टीत तो भरून आणायचा मान कुणाला तरी मिळायचा, आणि मी रोज खांदा निखळेल इतका हात वर करायचे. बाई माझ्या डोक्यावरून मागे बघायच्या आणि दुसऱ्याच मुलीला उठवायच्या. मला म्हणायच्या, "तू वर्ग झाड गं, तू छान झाडतेस." मला ते कौतुकच वाटायचं, काय सांगू! तांब्याला हात लावायला उठणाऱ्या मुली ठरलेल्या, आणि झाडू धरायला उठणाऱ्याही ठरलेल्या, हे कळायला मला पाचवी उजाडली. आमच्या वस्तीतल्या एकाही मुलीने तो तांब्या भरला नाही. बाई कधी वाकडं बोलल्या नाहीत, कधी मारलं नाही. पण फळ्यावर गणित सोडवायलाही त्या तांब्यावाल्यांनाच बोलवायच्या.

बाबा मराठवाड्यातून आलेले, मोहन्याच्या रेयॉनच्या, म्हणजे नकली रेशमाच्या, कारखान्यात कंत्राटावर. कायम कामगारांच्या पोरांना जे मिळायचं ते आम्हाला नव्हतं, आणि साहेबांच्या पोरांना जे मिळायचं ते तर आम्ही कुंपणातून बघायचो. तरी बाबांच्या डोक्यात शिक्षण पक्कं बसलेलं. घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली आमची दप्तरं. एका पोराला तरी इंग्रजी शाळेत घालायचंच, हे त्यांनी ठरवलं होतं. मी वर्गात पहिली यायचे, म्हणून मला वाटलं, ते पोर म्हणजे मी.

गेला माझा भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अजून पाढे म्हणताना अडखळणारा. कल्याणची शाळा, टाय, रिक्षा, पाण्याची निळी बाटली. मी बाबांना विचारलं, "मी का नाही?" बाबा चिडले नाहीत. उलट जवळ घेतलं आणि म्हणाले, "तू हुशार हायेस, बाय. तू कुठंबी शिकशील. त्याला जरा कमी येतंय, त्याला चांगली शाळा लागंल." मी खूश झाले, इतकी वेडी! बाबांनी मला हुशार म्हटलं होतं.

आता हे "कुठंबी" म्हणजे काय होतं तेही ऐका. एका खोलीत दोन इयत्ता; सहावीला शिकवणं चालू असलं की सातवीने गप्प बसून शुद्धलेखन लिहायचं. मतदार याद्यांचं काम निघालं की गुरुजी गायब, मग दोन्ही इयत्तांनी शुद्धलेखन लिहायचं. विज्ञानाचे प्रयोग आम्ही पुस्तकातून मोठ्याने वाचायचो. लिटमस कागद तांबडा होतो हे मला तोंडपाठ होतं, लिटमस मात्र मी कधी डोळ्यांनी बघितला नाही. मुलींच्या संडासाला कुलूप आणि किल्ली शिपायाकडे, त्यामुळे पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला माझी शाळा बुडायची. नळाला पाणी यायची वेळ नेमकी शाळा भरायची. पाणी भरणं मुलीचं काम, भावाची तर रिक्षा चुकायला नको! मी उशिरा पोचायचे आणि दाराशी अंगठे धरून उभी राहायचे.

संध्याकाळी त्याचा गृहपाठ मी करायचे. त्याच्या शाळेला वाटायचं, घरी इंग्रजी येणारे आईबाप बसलेत. वहीत रोज पालकांना सूचना. आईबाबांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, मग मी शब्दकोश घेऊन बसायचे. त्याचे तक्ते मी रंगवायचे, कापूस चिकटवून ढग करायचे. शाळेतून तक्ता परत आला की त्यावर सोनेरी चांदणी असायची, आणि ती तो दप्तरावर चिकटवून मिरवायचा. त्या चांदणीवर मी जेवढी जळले तेवढी आयुष्यात सोन्यावरसुद्धा जळले नाही.

दहावीला मला एकाहत्तर टक्के पडले आणि घरात सगळ्यांना कळलं की मी काही तेवढी हुशार नव्हते. दोन वर्षांनी क्लास लावून त्याला पंच्याऐंशी पडले आणि पेढे वाटले. कुणी म्हणालं नाही, की अरे, ही काय खाऊन परीक्षेला बसली आणि तो काय खाऊन बसला. टक्के म्हणजे टक्के. पुढे त्याचा जातीचा दाखला आणि पडताळणी करायला बाबा रजा टाकून गावी गेले, आज्याच्या वेळचा पुरावा शोधून आणला. माझी पडताळणी "नंतर करू" म्हणून राहिली. मुलगी काय, लग्न होऊन जाईल. भाऊ इंजिनीअर झाला. कॉलेजात पोरं त्याला सरकारी जावई म्हणायची, तो घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडायचा. मला दया यायला हवी होती ना? मला वाटायचं, टोमणा तर टोमणा, कॉलेजात बसून तर खातोयस!

आता तो घोडबंदर रोडला सव्विसाव्या मजल्यावर राहतो. दारावर फक्त पहिलं नाव आहे, आडनाव नाही. कुणी जय भीम म्हणून फोन केला की गॅलरीत जाऊन बोलतो. म्हणजे त्यालाही सगळं मिळालेलं नाही, एवढं मला कळतं. पण त्याच्या लिफ्टमधून खाली येताना माझा जीव जळतोच. मी डोंबिवलीत एका लॅबच्या काउंटरवर रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवते. त्या बाटल्या आत नेऊन तपासणारी मी असायला हवी होते.

माझ्या पोरीच्या वेळेला आरटीईची सोडत निघाली. खासगी शाळेतल्या काही जागा आपल्यासारख्यांसाठी राखीव, फी सरकार भरणार. आमच्या जातीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो, घर शाळेजवळ असावं लागतं. तिचा नंबर लागला. मी काउंटर सोडून रस्त्यावर येऊन रडले. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी तिने टाय घातला, तेव्हा... सांगूनच टाकते. मला माझ्याच लेकीचा हेवा वाटला. सहा वर्षांचं पोर ते!

तिथे तिला "आरटीईवाली" म्हणायचे. सरकारकडून पैसे आले नाहीत, असं शाळा मला दर वर्षी ऐकवायची, जसे काही ते मीच पदराला बांधून ठेवलेत. सहलीचा निरोप पालकांच्या ग्रुपवर यायचा आणि मी त्या ग्रुपवर नव्हते. गॅदरिंगला ड्रेसचे पैसे न भरणाऱ्या मुली मागच्या रांगेत झाडं व्हायच्या. सलग तीन वर्षं माझी पोर झाड झाली. पण वर्गात ती शिकली हो! लिटमस तिने हातात धरला. ती माझं इंग्रजी चारचौघांत सुधारायला लागली, तेव्हा एकीकडे ऊर भरून यायचा आणि दुसरीकडे वाटायचं, द्यावी एक ठेवून.

धाकट्याचा नंबर सोडतीत लागला नाही. त्याला त्याच शाळेत पूर्ण फी भरून घातलं. मुलगा आहे, आणि जरा मागे आहे.

आणि यंदा ती आठवीच्या शेवटाला आली. आरटीई आठवीपर्यंतच. नववीपासून पूर्ण फी, हे शाळेच्या ऑफिसात मला काचेच्या भोकातून सांगितलं. दोघांची फी आम्हाला झेपणारी नव्हती. नवरा भल्या मनाचा आहे, कंपनीत जास्तीच्या पाळ्या करतो. जेवताना त्याने विचारलं, "काय करायचं मग?" पोरगी ताट घेऊन समोरच बसली होती. नवरा काही बोलायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "हिला पलीकडच्या अनुदानित शाळेत टाकू. हुशार आहे, कुठेही शिकेल."

बोलले आणि माझा घास तोंडातच राहिला. बाबांचे शब्द, बाबांचाच लाडिक सूर. आणि त्याहून वाईट म्हणजे, बोलताना आत कुठेतरी मला जरासं बरं वाटलं होतं. मला नाही मिळालं, मग हिला तरी कशाला?  पोरीने उठून सगळ्यांची ताटं उचलली.

पुढच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. गणिताच्या चाचणीत तिने पेपर कोरा दिला होता. विज्ञानातही तेच. वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "घरी काही प्रॉब्लेम आहे का? ही तर टॉपर आहे आमची." मी तिला शाळेच्या जिन्यात गाठलं आणि दंडाला धरून हलवलं. "अक्कल गहाण टाकलीस का गं? का नाही लिहिलंस?"

ती अगदी शांतपणे म्हणाली, "आता मी हुशार नाही ना, आई. आता मला चांगली शाळा लागेल."

मी जिन्यातच बसले. वरून मुलं धडाधड उतरत होती आणि माझ्या मनात आलं ते परत जळणंच होतं. हिला सुचलं! मला का नाही सुचलं? मी तर मूर्खासारखी दर वर्षी पहिला नंबर आणून बाबांच्या हातात देत राहिले, आणि दर वर्षी मोहन्याच्या शाळेतल्या त्या दोन इयत्तांच्या खोलीचं दार माझं मीच स्वतःवर बंद करून घेत राहिले.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, नववीला हिची फी भरायची. तो म्हणाला, "आणि धाकट्याचं काय?" मी म्हटलं, "तो जाईल अनुदानित शाळेत. मुलगा आहे, कुठेही शिकेल."  मी ऐकणार नव्हते. पोरीच्या फेरपरीक्षेसाठी अर्जही मीच दिला. तिने दोन्ही पेपर लिहिले, आणि जूनमध्ये ती नववीत त्याच शाळेत गेली.

पहिल्या दिवशी मी तिचा टाय बांधत होते. आता त्यावर मी जळत नव्हते, निदान कमी जळत होते. धाकटा दाराशी उभा होता, नव्या शाळेच्या ढगळ गणवेशात. त्याने बहिणीच्या टायकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "मी का नाही?"