एकशे एकवीसचा आलेख

लातूरच्या फार्मसी कॉलेजात असताना माझा एक आलेख प्रयोगशाळेच्या फळ्यावर डकवला गेला. पाच बिंदू आणि त्यांतून जाणारी सरळ रेघ. एकही बिंदू रेघेबाहेर नव्हता. सरांनी सगळ्या बॅचला तो बघायला लावला. मी तासभर फळ्याच्या आसपासच उभा राहिलो.

परीक्षा कॅफीनची होती. सरांनी दर मिलिलिटरला हजार मायक्रोग्रॅमचं दाट द्रावण दिलं होतं. ते दोनदा दहापट पातळ करायचं: हजाराचं शंभर, शंभराचं दहा. त्या दहाच्या द्रावणातून दोन, चार, सहा, आठ आणि दहा असे पाच नमुने, यंत्रावर त्यांची रीडिंग आणि मग आलेख. शेवटी सरांच्या बंद बाटलीतल्या नमुन्यात कॅफीन किती, ते त्या रेघेवरून सांगायचं. पाच टक्क्यांपेक्षा जास्त चुकलं, तर जोडीतल्या दोघांनाही पुढच्या सेमिस्टरला पुन्हा बसावं लागे.

माझी जोडीदारीण नांदेडची. तिच्या वडिलांचं अत्तराचं दुकान होतं. थेंब सांडला की तिच्या कपाळावर आठी येई. पहिले दोन टप्पे मी केले, पुढचे पाच नमुने तिने. बंद बाटलीचं उत्तर आमच्या रेघेवर सात पूर्णांक सव्वीस आलं. ते मी ठळक अक्षरात लिहून दिलं.

सरांनी खऱ्या उत्तराचं बंद पाकीट उघडलं. आत सहा होते.

नवी रीडिंग मिळणार नव्हती. यंत्र एकच आणि रांग मोठी. सरांनी एक सवलत दिली. पाच वाजेपर्यंत चूक नेमकी कुठे झाली ते सिद्ध करा, पास करतो. घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी आधी तिच्या पाच नमुन्यांवर संशय घेतला. तिने माझ्यासमोर एक फ्लास्क पाण्याने भरला, मानेवरच्या खुणेशी डोळा नेला आणि शेवटचा थेंब पिपेटने सोडला. तिथे शंकेला जागा नव्हती. मग मी सुचवलं की यंत्रच बिघडलं असेल. त्याच यंत्रावर बाकीच्या जोड्या पास झाल्या होत्या, हे तिने थंडपणे लक्षात आणून दिलं.

"आता तू कर," ती म्हणाली. "सकाळी केलंस अगदी तसंच. शहाणपणा नको."

शंभर मिलिलिटरचे खुणेचे फ्लास्क सकाळी दुसऱ्यांनी पळवले होते, म्हणून मी साधी बाटली वापरली होती. आताही तीच घेतली. मोजपात्राने शंभर मिलिलिटर पाणी मोजून बाटलीत ओतलं. मग द्रावणाच्या जागी दहा मिलिलिटर पाणी पिपेटने वरून सोडलं.

"थांब. हे काय करून राहिलास?"

"आधी पाणी, मग औषध. आमच्याकडं पंप असाच भरतेत."

माझं गाव अहमदपूरजवळचं, घरी शेती. फवारणीचा पंप मी शाळेपासून भरत आलो होतो.

"बाटलीत आता किती झालं?"

"एकशे दहा."

"म्हणजे दहापट झालं का अकरापट?"

तिने वहीच्या मागच्या पानावर दोन्ही टप्प्यांचं अकरा गुणिले अकरा मांडलं: एकशे एकवीस. शंभरपट पातळ व्हायला हवं होतं, मी एकशे एकवीसपट केलं होतं. आमचं दहाचं द्रावण खरं तर सव्वाआठचं होतं. तिने सात पूर्णांक सव्वीसला एक पूर्णांक एकवीसने भागलं. बरोबर सहा आले.

मग ती हसायला लागली. सरांकडे जाण्याआधी तिने माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: सेमिस्टर संपेपर्यंत दोघांची काचेची भांडी मी धुवायची. पाचला बारा मिनिटं होती. मी हो म्हणालो.

सरांनी हिशेब तपासला आणि एकच प्रश्न विचारला. पायाच चुकला होता, तर रेघ इतकी सरळ कशी?

"सर, पाचही नमुने एकाच बाटलीतून आले," ती म्हणाली. "सगळे सारख्याच मापाचं खोटं बोलले."

सरांनी दोघांना पास केलं. आलेख मात्र फळ्यावरून काढला नाही. माझं नाव असलेली पट्टी तेवढी कापली आणि पुढच्या प्रत्येक बॅचला त्यातली चूक शोधायला लावली. मी बेसिनपाशी भांडी धूत ते ऐकत असे.

दिवाळीच्या सुट्टीत शेतावर गेलो. पंधरा लिटरच्या पंपात तीस मिलिलिटर औषध घालायचं होतं. मी आधी पाण्याने भरलेल्या पंपातून तीस मिलिलिटर पाणी मोजून काढलं. भाऊ कंबरेवर हात ठेवून बघत होता.

"किडीला एवढा हिशेब कळून राहिला का?"

मी मनात आकडा मांडला. फरक हजारात दोनचा होता. काढलेलं पाणी मी परत पंपात ओतलं.