आजीच्या डोळ्यातला हरभरा

डॉक्टर झालं की किस्से साचतात, असं सीनियर सांगायचे. माझे पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच वहीभर झाले. सगळे एकट्या आजीचे!

मी एमबीबीएसला केरळात. शरीराचा प्रत्येक भाग माणसाला त्याच्या भाषेत कळलाच पाहिजे, असं ठरवून गावी, सिरसाळ्याला आलो आणि सुरुवात घरापासून केली. आजीच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "हे स्कॅप्युला. मराठीत अंसफलक."

"कोणच्या गावची मराठी ही? फरा म्हण की. बकऱ्याला बी फराच असतो, मटणाला लई चांगला."

वहीत 'अंसफलक' खोडलं.

•

दुसऱ्या दिवशी पॅटेला. मी 'जान्वस्थी' म्हणालो.

"गुडघ्याची वाटी," आजी म्हणाली. "तुझ्या कॉलेजात कुणाला मराठी येत न्हाई का?"

केरळात आहे, असं मी सांगितलं. तिला ते कारण पटलं नाही.

•

मग तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन म्हणताच आजी खाटेवर आडवी झाली. "डोळा बाहेर काढून धुतेत म्हणं. मी न्हाई जायची."

मी समजावलं, "डोळा जागेवरच राहतो. फक्त नेत्रभिंगाच्या संपुटाचं अग्रपटल..."

"आता तर मुळीच न्हाई!"

शेवटी शेतातून हरभऱ्याचे घाटे आणले. एकाच्या पुढच्या सालीला गोल भोक पाडलं. "डोळ्यातलं भिंग म्हणजे हा दाणा. तो गढूळ झालाय. मशीननं आतच फोडून ओढून घेतात. मागची साल तशीच ठेवतात, आणि त्या पिशवीत नवं भिंग घडी करून सरकवतात. आत गेलं की उलगडतं."

दाणा काढताना मागची साल फाटली.

"आता?"

"मग नवं भिंग बसवायला अवघड जातं. क्वचित होतं असं."

आई चिडली. "तिला खरं कामून सांगितलंस रे?"

"खरं सांगितलं म्हणून तर जाते," आजी म्हणाली आणि स्वतः घाटे फोडायला बसली. नववा साधला. "डॉक्टरनं शिकताना किती फोडले असतील?"

"तिथं जाऊन हे इचारायचं न्हाई," आईनं बजावलं.

•

ऑपरेशनला डॉक्टरांनी मला कोपऱ्यात उभं राहू दिलं. डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन, म्हणजे आजी जागी. मशीन थांबलं.

हिरव्या कापडाखालून आवाज आला, "साहेब, माघली साल फाटली का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"शाबूत आहे, आजी."

"मग दाणा बसवा."

•

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली.

"चार. अंगठा दुमडलाय. आता माझं एक सांगा. शिकताना तुमी किती फोडले?"

आईनं डोळे मिटले.

डॉक्टर म्हणाले, "बरेच. आम्ही बकऱ्याच्या डोळ्यांवर शिकतो, आजी."

आजीनं नव्या डोळ्यानं त्यांना नीट न्याहाळलं.

"डोळे तुमी घेतले. मग फरा कुणी नेला?"