दक्षाची दहा मिनिटं

दक्षा अकरा वर्षं त्या संस्थेत होती. अकरा वर्षं कार्यशाळेत सतरंज्या घालायच्या, हजेरी घ्यायची आणि साडेअकराला चहा आणायचा. गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावच्या या बाईला मराठी, गुजराती आणि पाड्यावरची बोली सारख्याच सफाईने येत होती, पण माईक मात्र ठाण्याहून आलेल्या माणसालाच येतो असा संस्थेचा समज होता.

या वेळी शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांसाठी तलासरीत दोन दिवसांची कार्यशाळा होती. चोवीस शाळांतल्या चोवीस बायका, कोणी कोणाला ओळखत नव्हतं. ठाण्याच्या शितल मॅडम उदारपणे म्हणाल्या, "पहिली दहा मिनिटं तू घे, दक्षा. आइसब्रेकर. जमलं तर पुढचं सत्र तुझं. नाही जमलं तर चहा आहेच."

आदल्या दुपारी दोघी रिकाम्या हॉलमध्ये बसल्या. मॅडमनी कागद पुढे सरकवला. गोलात उभं राहायचं आणि प्रत्येकीनं सांगायचं, मी अमुक, मी अमुक प्राण्यासारखी. सोबत आवाज काढायचा.

"मॅडम, एकीला अर्धं मिनिट धरलं तरी चोवीस जणींची बारा मिनिटं होतात."

"लवकर लवकर बोलतील. एनर्जी पाहिजे गं!"

"गेल्या वर्षी याच खेळात झरीच्या भिकीला मागून कोणीतरी म्हैस म्हणालं. ती पाणी प्यायला उठली ती टमटम पकडून थेट घरी."

"तिला सेन्स ऑफ ह्यूमर नसेल."

मॅडमना तो भरपूर होता. भिकीच्या गैरहजेरीचं त्यांनी अहवालात 'तब्येतीचे कारण' केलं होतं. शेवटी मोबाईल वाजला म्हणून त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "कर तुझ्या पद्धतीनं. जबाबदारी तुझी."

दक्षानं आपला बेत वहीत मांडला. हॉल म्हणजे डहाणू-तलासरीचा नकाशा. फळ्याकडे गुजरात, डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर. आपलं गाव असेल तिथं जाऊन उभं राहायचं, त्याला तीन मिनिटं. मग जवळच्या तिघींनी गप्पा मारायच्या, चार मिनिटं. एकटीनं सगळ्यांसमोर बोलायची सक्ती नाही. शेवटी ज्यांना वाटेल त्या दोघी-तिघींनी सांगायचं आणि तिथून विषयाला हात घालायचा. फळ्यासमोर उभी राहून, हात दाखवत तिनं दोनदा तालीम केली.

सकाळी दहाला बायका आल्या आणि भिंतीला टेकून, पदर सावरून गप्प बसल्या. मॅडम मागच्या खुर्चीवर, हातात पेन. दक्षा फळ्याला पाठ करून उभी राहिली, बेत समजावला आणि तालमीतलाच डावा हात पसरून म्हणाली, "हा आपला समुद्र."

बायका उठल्या, दबकत सरकल्या. त्या हाताकडच्या खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं. आशागडची पुतळी, दक्षाहून मोठी, तिथंच थबकली.

"अगं बाय, सकाळचं ऊन येतंय तिथून! समुद्रातून सूर्य उगवायला लागला काय तलासरीत?"

दक्षाचा हात खाली आला. आदल्या दिवशी तिचं तोंड फळ्याकडे होतं, आज पाठ होती. मॅडमच्या पेनानं वहीत चटकन काहीतरी टिपलं.

"चुकले मावशी," दक्षा म्हणाली. "समुद्र उचला आणि पलीकडच्या भिंतीला नेऊन ठेवा."

हशा पिकला. आता कुणी कुठं उभं राहायचं ते सांगायला सगळ्याच जाणत्या झाल्या. "तू कुठली? मग इकडं ये, तिकडं काय करतेस?" म्हणत एकीनं दुसरीला दंडाला धरून ओढलं. झरीच्या योगितानं पुतळीला विचारलं, "आशागडात माझी आत्या दिलीय, शुक्री. ओळखतेस?"

"ओळखते म्हणजे? शेजारीण माझी. भांडखोर आहे हं तुझी आत्या!"

"घरी पण तेच म्हणतात."

दक्षानं टाळी वाजवली. "आता तिघी तिघी. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर सगळ्यांत पहिलं काय करता?"

हॉल भरून आवाज झाला. नवव्या मिनिटाला तिनं विचारलं, "कोण सांगतंय?" पुतळीनं हात वर केला. "खरं सांगू? पहिलं हेडमास्तरांना चहा टाकते. हात धुवायचं मग आठवतं." पुन्हा हसू. पण तीन-चार माना होकारार्थी हलल्याही. दहा वाजून दहा मिनिटांनी दक्षा म्हणाली, "तर आजचा विषय तोच. हात आधी, चहा मग." आणि बाजूला झाली.

शितल मॅडमनी पडद्यावर स्लाइड लावली. "हँड हायजीनच्या सात स्टेप्स कोण सांगेल?" हॉल पुन्हा भिंतीला टेकून बसला. मॅडमनी प्रश्न तीनदा, दर वेळी अधिक गोड आवाजात विचारला. चौथ्यांदा पुतळी दक्षाकडे वळली. "ताई, त्या काय विचारतात? शाळेत नळच नसला तर कुठल्या स्टेपला सुरुवात करायची?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला. "दक्षा, हे सत्र तू पुढे ने. मी असेसमेंट करते."

साडेअकरा वाजले. दक्षा गोलात बसून बादली-तांब्यानं हात धुवायची रीत बायकांच्याच तोंडून काढून घेत होती. मॅडम दोनदा खाकरल्या, कपाकडे बोट दाखवलं. दक्षानं पाहिलं आणि मान हलवली, मुलाला 'थांब जरा' म्हणावं तशी.

शितल मॅडम स्वतःच चहासाठी उठल्या. किटली कुठं ठेवलेली असते हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायला गोलातलं कुणी रिकामं नव्हतं.