रसिकाचं 'मस्त झालाय'

डोंबिवलीच्या त्या कॉलेजात रसिकाला कुणी वाईट म्हणत नसे, कारण ती कुणालाच वाईट म्हणत नसे. बाईंनी एकमेकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट वाचून अभिप्राय लिहायला सांगितले, की तिचं ठरलेलं: 'मस्त झालाय!' सुदेशच्या ग्रुपलाही तिने तेच लिहून दिलं. मानपाड्यात केमिकल कंपन्यांच्या वासाचा लोकांना किती त्रास होतो, याचा तो सर्व्हे होता. विचारलेली सगळी माणसं सुदेशच्याच सोसायटीतली, आणि निष्कर्ष मात्र अख्ख्या मानपाड्याचा. रसिकाला ते दिसलेलं. पण उगाच वाईटपणा कशाला घ्या!

प्रेझेंटेशनच्या दिवशी बाईंनी नेमकं तेच विचारलं. सोसायटीबाहेर कुणाला विचारलंच नाही, हे सुदेशला सगळ्या वर्गासमोर कबूल करावं लागलं. रिपोर्ट सुधारायला बाईंनी आठवडा दिला.

रसिकाने त्या संध्याकाळी रिपोर्ट पुन्हा वाचायला घेतला. तिने नव्याने लिहिलं: 'वॉचमनकाकांची मुलाखत सगळ्यात चांगली आहे, ती सुरुवातीला घ्या. पण सगळी उत्तरं एकाच सोसायटीतली आहेत. कंपन्यांच्या गेटजवळच्या चाळीतही विचारा. वेळ नसेल तर निष्कर्ष सोसायटीपुरताच ठेवा. मेहनत दिसते, ती वाया जाऊ देऊ नका.'

कॅन्टीनमध्ये सुदेशने ते वाचलं. "भारी लिहिलंयस. हे तुला आधीच दिसलेलं का गं?"

"हो," रसिका म्हणाली.

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"आमच्या ग्रुपमधली अमृता म्हणत होती, चाळीतही जाऊन येऊ," तो म्हणाला. "मीच तिला तुझा अभिप्राय दाखवून थांबवलं."