मंगळवार-शुक्रवारची पोटदुखी

क्लास सरांचा होता, पण मुलं टरकायची ती वहिनींना. वहिनी म्हणजे सरांची थोरली भावजय. सर त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मुलंही म्हणायची आणि मुलांचे आईवडीलही. शिकवण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. त्यांच्याकडे फक्त हजेरी होती, पण एखादं पोर दिसलं नाही की त्यांना घास गोड लागत नसे.

तास सुरू होताच नावं पुकारणं त्यांना मान्य नव्हतं. तशाने ‘हजर’ म्हणून पसार होणाऱ्यांचं फावतं. त्या पाव तासाने दार किलकिलं करून डोकी टिपायच्या. उशिरा आलेल्याला एक खूण, लवकर सटकलेल्याला दुसरी. सलग दोन दिवस कुणी आलं नाही, की घरी फोन गेलाच म्हणून समजा.

यंदा विज्ञान शिकवायला त्यांचे चिरंजीव आले. मंगळवार आणि शुक्रवार त्यांचे, बाकीचे वार सरांचे. मुलं त्यांना छोटे सर म्हणू लागली आणि वहिनींना आकाश ठेंगणं झालं. सरांनी मात्र आधीच बजावलं होतं, "वहिनी, पुतण्या असला तरी पहिल्या चाचणीपर्यंत बघू. मुलं टिकली तर ठेवू."

मुलं टिकत होती, असं निदान सर समजत होते. ते महिनाअखेरीला प्रत्येकाच्या हजेरीची टक्केवारी बघायचे आणि सगळी ऐंशीच्या वर होती. पण वहिनींना वारांप्रमाणे बघायची खोड. मंगळवारी चार-पाच जण गायब, शुक्रवारी दुसरेच चार-पाच गायब, आणि दुसऱ्या दिवशी सगळे टुणटुणीत हजर. वहिनींचा फोन सलग दोन दिवसांनी जातो, हे कार्ट्यांनी बरोबर हेरलं होतं. चक्क पाळ्या लावल्या होत्या त्यांनी.

हे वहिनींना दुसऱ्याच आठवड्यात दिसलं. दुसरं कुणी शिकवायला असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी सरांना गाठलं असतं. या वेळी त्यांनी साथ आली असेल असं ठरवलं. खात्रीसाठी दोन-तीन घरी फोन केले, तर सगळीकडे पोटदुखी. वहिनींनी पाण्याची टाकी घासून घेतली.

टाकी लखलखली, बाकं रिकामीच राहिली. शेवटी एका शुक्रवारी पंख्याचा आवाज तपासायच्या निमित्ताने त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. चिरंजीव फळ्याकडे तोंड करून बोलत होते. आवाज गोड, एकसुरी, न थांबणारा. कौतुकाने बघता बघता वहिनींना कधी डोळा लागला ते कळलंच नाही. शेजारच्या मुलीने हलवून उठवलं, "वहिनी, तास संपला."

तरीही त्या गप्पच राहिल्या. आईचं काळीज, दुसरं काय.

मग एका मुलाच्या आईचा फोन आला. "वहिनी, त्याला दुसरीकडे घालतोय हो. विज्ञान डोक्यावरून जातं म्हणे. आधी कळलं असतं तर काहीतरी केलं असतं. तुम्ही तर लगेच फोन करता ना?"

वहिनींना त्या दिवशी चहासुद्धा गेला नाही. संध्याकाळी त्यांनी आधी मुलाला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. पाळ्या, पोटदुखी, स्वतःची डुलकीही. त्याचा चेहरा पडला.

"तुला कधी कळलं, आई?"

"दुसऱ्या आठवड्यात."

"आणि आता सांगतेस?"

"दुसऱ्यांच्या पोरांचं लगेच सांगते रे," वहिनी म्हणाल्या. "तुझं सांगायला जीभ रेटेना. चुकलंच माझं. उद्या भावजींना मी स्वतः सांगणार आहे."

तो टेबलावर बोट फिरवत म्हणाला, "मला वाटायचं, कुणी काही विचारत नाही म्हणजे सगळ्यांना कळतंय."

"अरे, झोपलेला माणूस काय विचारणार?"

त्याला हसू आलं, इच्छा नसताना. "मंगळवारी परत बसशील? कळेनासं झालं की हात वर कर. मी थांबतो."

सरांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि चाचणीपर्यंतची मुदत कायम ठेवली.

मंगळवारी वहिनी मागच्या बाकावर बसल्या. चिरंजीवांनी फळ्यावर किरणाची रेघ ओढली, ती भिंगातून वाकवली आणि ते सुसाट सुटले. वहिनींनी थोडा वेळ जीव मुठीत धरून पाहिलं. मुलाला चारचौघांत थांबवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण रेघ का वाकली ते काही केल्या कळेना. त्यांनी हात वर केला.

चिरंजीव वळले. आईच्या हाताकडे बघेपर्यंत पुढच्या बाकावरचा एक हात वर आला, मग खिडकीजवळचे दोन, मग बघता बघता सगळा वर्ग.

छोट्या सरांनी फळा पुसला आणि खुर्ची ओढून मुलांच्या समोर बसत विचारलं, "बरं, कुठपर्यंत कळलं होतं?"