नजरचुकीचं पत्र

मुरबाडला माझं सिमेंट-पत्र्यांचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धसईकडच्या एका छोट्या ठेकेदाराचा चेक बँकेतून परत आला. सोबतच्या मेमोवर कारण होतं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. माझं डोकंच फिरलं. तडक वकिलांकडे गेलो, तर ते म्हणाले, "आधी साधं पत्र टाका. धमकी नको, मुदतही नको. नोटिशीला पंधरा दिवस आहेत, ती मी बघतो."

चार कागद फाडले. शेवटी चेकचा नंबर, तारीख, रक्कम घातली आणि दातओठ खात लिहिलं, 'नजरचुकीने खात्यात रक्कम कमी राहिली असावी. कृपया रोख द्यावी, किंवा चेक पुन्हा कधी भरावा ते कळवावे.' पोस्टकार्ड टाकलं असतं तर गावभर वाचलं गेलं असतं, म्हणून बंद पाकीट केलं.

मग उत्तर येईना. नोटिशीचे दिवस सरत होते आणि मी उगाच गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. दहाव्या दिवशी तो स्वतःच दुकानात आला. पैसे आणि माझं पत्र गल्ल्यावर ठेवून म्हणाला, "शेठ, नजरचूक नाय झाली. खात्यात पैसे नायत, ते मला ठाऊक होतं."

"मलाही ठाऊक होतं," मी फटकन बोललो.

मी चेक परत दिला, तो त्याने तिथेच फाडला. माझं पत्र मात्र नीट घडी करून खिशात ठेवलं.

"चेक परत गेल्याचं बायकोच्या कानावर गेलंय, शेठ. तिला हे दाखवतो."